३२ पैकी २५: रविवारी प्रशिक्षकाला काय लिहावं?

२००४ साली मुंबई मॅरेथॉन सुरू झाली आणि महाराष्ट्रात हौशी धावपटूंची एक नवी जमात तयार झाली. साताऱ्याच्या यवतेश्वर घाटात पळणारे, नाशिकच्या गंगापूर रोडवर पहाटे दिसणारे, कोल्हापुरात रंकाळ्याभोवती फेऱ्या मारणारे हे लोक नोकरी-संसार सांभाळून २१ किंवा ४२ किलोमीटरची तयारी करतात. यातल्या अनेकांचा प्रशिक्षक दुसऱ्याच शहरात असतो. तो आठवड्याचा कार्यक्रम पाठवतो, धावपटू त्याप्रमाणे पळतो आणि रविवारी संध्याकाळी फोनवर एक निरोप लिहितो. प्रशिक्षकाने या माणसाला पळताना पाहिलेलं नसतं. त्यामुळे पुढचा आठवडा आखताना त्याच्या हाताशी मुख्यतः हा निरोपच असतो.

बहुतेक निरोप साधारण असे असतात: ‘सर, या आठवड्यात ३२ पैकी २५ किमी झाले. शनिवार चुकला, सॉरी. टेम्पो थोडा स्लो गेला. पाय जरा दुखतोय पण ठीक आहे. पुढच्या आठवड्यात भरून काढते.’

यातलं एकही वाक्य खोटं नाही. तरीही यावरून आखलेला पुढचा आठवडा चुकीचा ठरू शकतो. कसा, ते एका उदाहरणाने पाहू. माणसं आणि आकडे नमुन्याचे आहेत, पण असा आठवडा कोणत्याही हौशी धावपटूच्या वाट्याला येतो.

समजा, नाशिकच्या एका माध्यमिक शाळेतल्या बेचाळीस वर्षांच्या शिक्षिका जानेवारीतल्या मुंबईच्या अर्ध मॅरेथॉनची तयारी करताहेत. प्रशिक्षक पुण्याला आहेत. महिना ऑक्टोबरचा. कार्यक्रमात मंगळवारी ६ किलोमीटर हळू पळायचं आहे. गुरुवारी टेम्पो, म्हणजे २ किलोमीटर अंग गरम करायला, मग ४ किलोमीटर दर किलोमीटरला ६ मिनिटं २० सेकंद या वेगाने आणि शेवटी १ किलोमीटर सावकाश. शनिवारी ५ किलोमीटर हळू आणि रविवारी १४ किलोमीटरचा लाँग रन. सोमवार, बुधवार आणि शुक्रवार विश्रांतीचे. एकूण ३२ किलोमीटर.

वरचा निरोप याच आठवड्याचा आहे. आता बाईंची नोंदवही उघडू.

वहीत काय असतं

चांगली नोंदवही मोठी नसते. रोजच्या पळण्याला चार-पाच ओळी पुरतात. किती किलोमीटर, किती मिनिटं, किती वाजता सुरुवात केली, आदल्या रात्री झोप किती झाली, काही दुखलं का, आणि हे सगळं किती जड गेलं. शेवटच्या गोष्टीला शून्य ते दहा यांतला एक आकडा द्यायचा. शून्य म्हणजे आराम, तीन म्हणजे सहज बोलता येईल असं पळणं, सात म्हणजे एखाददुसरा शब्दच तोंडातून निघेल इतकं जड आणि दहा म्हणजे यापुढे काहीच शक्य नाही. पळणारी मंडळी याला ‘एफर्ट’ म्हणतात. आपण श्रमांक म्हणू.

ही कल्पना स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांची. त्यांची मूळ मोजपट्टी ६ ते २० अशी होती. निरोगी तरुण माणसाने सांगितलेल्या आकड्याला दहाने गुणलं की त्याच्या हृदयाचे ठोके अंदाजे मिळावेत, असा त्यामागचा हिशोब होता. पुढे शून्य ते दहाची सोपी पट्टी आली. अमेरिकेतले क्रीडाशास्त्रज्ञ कार्ल फॉस्टर यांनी तिला एक साधा गुणाकार जोडला. पळण्याची मिनिटं गुणिले श्रमांक, म्हणजे त्या दिवसाचा भार. ४४ मिनिटं पळून श्रमांक ३ आला, तर भार १३२. सात दिवसांची बेरीज केली की आठवड्याचा भार मिळतो.

श्रमांक पळणं संपल्यावर साधारण अर्ध्या तासाने लिहायचा. लगेच लिहिला तर शेवटच्या पाच मिनिटांची धाप सगळ्या पळण्यावर सावली टाकते. शेवट सोपा गेला असेल तर मधला त्रास विसरला जातो. फार उशिरा लिहिलं तरी घोटाळा होतो. रविवारी संध्याकाळी बसून मंगळवारचा श्रमांक आठवायला गेलं, तर माणूस आठवत नाही, अंदाज बांधतो. रविवार वाईट गेला असेल तर सगळा आठवडाच वाईट वाटतो आणि छान गेला असेल तर गुरुवारची ओढाताण पुसली जाते. म्हणून निरोप आठवणीवरून लिहायचा नाही, वहीवरून लिहायचा.

इथे कुणीही विचारेल की मनगटावर घड्याळ आहे, त्यातली माहिती थेट प्रशिक्षकाच्या फोनवर जाते, मग वही कशाला? घड्याळाला अंतर, वेळ आणि ठोके कळतात. बुधवारी रात्री परीक्षेचे पेपर तपासत जागल्याचं कारण त्याला कळत नाही आणि नडगी कुठे दुखली तेही कळत नाही. ठोक्यांच्या बाबतीतही ते कधीकधी फसतं. मनगटावरचं घड्याळ त्वचेतल्या रक्तप्रवाहावर प्रकाश टाकून ठोके मोजतं. पट्टा सैल असला की हाताच्या हेलकाव्यांचा ताल त्यात मिसळतो आणि घड्याळ ठोक्यांऐवजी पावलं मोजायला लागतं. हळू पळताना ठोके एकदम १७० वर जाऊन तिथेच सपाट राहिले आणि धाप मात्र लागली नाही, तर हा घोळ झाला असं समजावं. अशा वेळी वहीतला ‘श्रमांक ३’ घड्याळापेक्षा खरा असतो.

किलोमीटर कमी, भार जास्त

आता बाईंचा आठवडा वहीतून वाचू.

मंगळवारी ६ किलोमीटर, ४४ मिनिटं, श्रमांक ३. ठरल्याप्रमाणे. भार १३२.

गुरुवारचा टेम्पो. सहामाहीचे पेपर तपासत बसल्यामुळे आदल्या रात्री झोप साडेचार तास. चार किलोमीटरच्या वेळा ६:१८, ६:२२, ६:३५ आणि ६:४८. आधीची १५ आणि नंतरची ८ मिनिटं धरून एकूण ४९ मिनिटं. कार्यक्रमानुसार श्रमांक ७ यायला हवा होता, आला ८. भार ३९२. शेजारी एक ओळ: ‘उजवी नडगी किंचित, २. घरी येईपर्यंत गेलं.’

शनिवारी सकाळची शाळा होती, पळणं झालं नाही. रात्री सोसायटीत कोजागिरी, झोपायला एक वाजला.

रविवारी साडेपाचऐवजी सव्वासात वाजता सुरुवात. नवव्या किलोमीटरपासून नडगी दुखायला लागली, बाराव्याला थांबल्या. ९० मिनिटं झाली होती. पेस सुरुवातीपासून ७:३० चाच, पण पहिल्या सहा किलोमीटरमध्ये ठोके सरासरी १४१ आणि शेवटच्या तीनमध्ये १५७. श्रमांक ४ अपेक्षित होता, आला ६. भार ५४०.

बेरीज केली तर १३२ अधिक ३९२ अधिक ५४०, म्हणजे १०६४.

ठरलेल्या कार्यक्रमाचा भार किती होता? मंगळवार १३२. गुरुवारी ४८ मिनिटं गुणिले ७, म्हणजे ३३६. शनिवारी ३७ मिनिटं गुणिले ३, म्हणजे १११. रविवारी १०४ मिनिटं गुणिले ४, म्हणजे ४१६. बेरीज ९९५.

बाई सात किलोमीटर कमी पळाल्या, पण शरीराने ठरल्यापेक्षा जास्त काम केलं. पहिल्या निरोपातलं ‘३२ पैकी २५’ वाचून प्रशिक्षकाला वाटणार की आठवडा हलका गेला. ‘भरून काढते’ याला त्यांनी होकार दिला तर दुखऱ्या नडगीवर पुढच्या आठवड्यात ३२ अधिक ७ किलोमीटर पडणार. वही सांगते की भरून काढण्यासारखं काहीच राहिलेलं नाही, उलट थोडं खाली उतरायला हवं.

हा फरक कुठून आला, तेही वहीतच आहे. रविवारी वेग तोच असून ठोके सोळाने वाढले, ते उन्हामुळे. घामावाटे पाणी जातं, रक्ताचं आकारमान थोडं घटतं. अंग थंड ठेवायला बरंचसं रक्त त्वचेकडे वळतं. दर ठोक्याला कमी रक्त ढकललं जातं, म्हणून हृदय जास्त वेळा आकुंचन पावतं. ऑक्टोबरमध्ये साडेपाचला सुरू केलेला लाँग रन ऊन तापायच्या आत संपतो. सव्वासातला सुरू केला तर शेवटचा अर्धा तास उन्हातच जातो. प्रशिक्षकाला सुरुवातीची वेळ कळली नाही, तर त्यांना वाटेल की बाईंची दमछाक वाढली. वेळ कळली की ते तो आकडा उन्हाच्या खात्यावर टाकतील आणि कार्यक्रमाला हात लावणार नाहीत.

टेम्पोचंही तसंच. त्याची सरासरी निघते ६:३१. बाईंनी नुसतं ‘टेम्पो ६:३१ ने झाला’ लिहिलं असतं, तर ठरवलेला वेगच झेपत नाही असा निष्कर्ष निघाला असता. चार वेगळे आकडे वेगळी गोष्ट सांगतात. पहिले दोन किलोमीटर अगदी ठरल्याप्रमाणे गेले, म्हणजे सुरुवात घाईची नव्हती. तिसऱ्यापासून घसरण सुरू झाली. त्याला साडेचार तासांची झोप जोडली की कारण बऱ्यापैकी स्पष्ट होतं. शंका राहिलीच तर सकाळचे ठोके पाहायचे. बाई रोज उठल्याबरोबर, अंथरुणातच, मिनिटभर नाडी मोजतात. नेहमीचा आकडा ५८. गुरुवारी ६५, शुक्रवारी ६४, शनिवारी ६२, रविवारी ६१. एखाद्या दिवसाच्या वाढीला फारसा अर्थ नसतो, कारण एक अपुरी झोपही नाडी वाढवते. पण चार दिवसांत ती पूर्ण खाली आली नाही, याचा अर्थ शरीर अजून सावरतंय.

निरोप

या वहीवरून लिहिलेला निरोप असा होईल:

‘सर, नमस्कार. ३२ पैकी २५ किमी, पण भार ९९५ ऐवजी १०६४.

मंगळ: ६ किमी, ठरल्याप्रमाणे, श्रम ३.
गुरु: टेम्पो ६:१८, ६:२२, ६:३५, ६:४८. श्रम ८, ठरले होते ७. पेपर तपासणीमुळे आदल्या रात्री झोप साडेचार तास.
शनि: झाला नाही, सकाळची शाळा.
रवि: १४ ऐवजी १२. कोजागिरीमुळे ७:१५ ला सुरू. पेस ७:३०. ठोके पहिल्या ६ किमीत १४१, शेवटच्या ३ मध्ये १५७. श्रम ६, ठरले होते ४.

दुखणं: उजवी नडगी, आतली कड, घोट्याच्या हाडापासून चार बोटं वर. गुरुवारी २, नंतर गेलं. आज नवव्या किमीपासून ४, म्हणून थांबले. आता चालताना १. दाबल्यावर बोटभर लांबीचा पट्टा दुखतो, एकच बिंदू नाही. बूट ७४० किमी झाले.

सकाळची नाडी: एरवी ५८. गुरु ते रवि ६५, ६४, ६२, ६१.
पुढे: पेपर बुधवारपर्यंत आहेत.
प्रश्न: मंगळवारी पळू, की नडगी शांत होईपर्यंत थांबू?’

हा निरोप वाचायला एक मिनिटही लागत नाही. वही समोर असेल तर लिहायला दहा मिनिटं पुरतात. त्यात माफी नाही आणि ‘जरा’, ‘थोडा’, ‘ठीक’ हे शब्दही नाहीत. मंगळवार ठरल्याप्रमाणे गेला म्हणून त्याला एकच ओळ मिळाली. ठरलेलं आणि झालेलं जिथे वेगळं झालं, तिथेच आकडे आहेत आणि लगेच कारण आहे. निरोपाची जागा अशी वाटायची असते. जे ठरल्याप्रमाणे झालं ते प्रशिक्षकाला माहीतच आहे, कारण कार्यक्रम त्यांनीच आखलेला असतो.

दुखण्याची ओळ

या निरोपात सर्वांत जास्त शब्द दुखण्यावर खर्च झाले आहेत आणि ते बरोबर आहे. ‘पाय जरा दुखतोय पण ठीक आहे’ यावर प्रशिक्षक काही करू शकत नाहीत. पाय म्हणजे मांडी, गुडघा, पोटरी, नडगी की टाच, तेही त्यातून कळत नाही.

धावणाऱ्यांच्या नडगीचं दुखणं मुख्यतः दोन प्रकारचं असतं आणि त्या दोघांत फरक करणं महत्त्वाचं आहे. एकात नडगीच्या हाडाच्या आतल्या कडेला, खालच्या भागात, ताण येऊन दाह होतो. इथे दाबलं की पाच सेंटिमीटर किंवा त्याहून लांब पट्टा दुखतो. सुरुवातीला पळताना दुखतं, अंग गरम झालं की कमी होतं आणि विश्रांतीने शांत होतं. दुसऱ्यात हाडालाच बारीक चीर पडायला लागलेली असते. इथे एका बोटाखाली मावेल अशी एकच जागा दाबल्यावर झोंबते. पळताना दुखणं कमी होण्याऐवजी वाढत जातं आणि पुढे साधं चालताना, रात्री झोपेतही दुखतं. पहिल्या प्रकारात पळणं कमी करून चालतं. दुसऱ्यात पळणं ताबडतोब बंद करून अस्थिरोगतज्ज्ञाकडे जावं लागतं.

दुखण्याचं निदान निरोपावरून होत नाही आणि प्रशिक्षक डॉक्टर नसतात. तरीही जागा, लांबी, आकडा आणि नंतर काय झालं, या चार गोष्टी लिहिल्या की पुढचं पाऊल कोणतं ते ठरवता येतं. बाईंच्या निरोपातली खरी धोक्याची खूण चार या आकड्यात नाही, दोनावरून चारावर जाण्यात आहे. गुरुवारी धावून झाल्यावर दुखणं गेलं होतं, रविवारी संध्याकाळपर्यंत थोडं राहिलं. एका दिवसाच्या आकड्यापेक्षा ही दिशा मोठी आहे आणि ती फक्त वहीतच सापडते. गुरुवारचं ‘किंचित’ रविवारपर्यंत कुणाच्या लक्षात राहत नाही.

बुटांचे ७४० किलोमीटरही तसेच. बहुतेक प्रशिक्षक ५०० ते ८०० किलोमीटरच्या दरम्यान बूट बदलायला सांगतात. पण धावणाऱ्यांना विचारलं तर उत्तर येतं, ‘अजून नवेच आहेत.’ वहीत बुटांच्या नावापुढे दर आठवड्याला किलोमीटर मिळवत गेलं की हा वादच राहत नाही.

शेवटचा प्रश्न

निरोपाच्या शेवटी एकच प्रश्न असावा आणि तो हो-नाहीत किंवा ‘हे की ते’ असा सुटणारा असावा. ‘सर, काय करू?’ याचं उत्तर द्यायला प्रशिक्षकाला परत चार प्रश्न विचारावे लागतात. तोवर सोमवार उजाडतो आणि मंगळवारची सकाळ हातातून जाते. पाच प्रश्न विचारले तर दोनांची उत्तरं येतात आणि महत्त्वाचा नेमका राहून जातो.

बाईंना उत्तर असं येऊ शकेल: ‘मॅडम, राहिलेले किमी विसरून जा. मंगळवारी पळू नका, अर्धा तास सायकल चालली तर चालवा. नडगी रोज त्याच जागी दाबून आकडा लिहा. गुरुवारी टेम्पो नाही. दाबल्यावर ० किंवा १ असेल तर ५ किमी हळू. तेही बरं गेलं तर रविवारी ८. बूट बदला. दुखणं एका बिंदूवर आलं किंवा रात्री दुखलं तर पळणं बंद, डॉक्टरांना दाखवा. टेम्पोचा वेग बदलत नाही, झोप नव्हती.’

पहिल्या निरोपाचा शेवट ३९ किलोमीटरच्या आठवड्यात झाला असता. दुसऱ्याचा शेवट १३ किलोमीटरच्या आठवड्यात झाला, तोही रोज दुखणं तपासून. स्पर्धेला तीन महिने आहेत, तेव्हा एका हलक्या आठवड्याने काही बिघडत नाही. नडगीच्या हाडाला चीर पडली तर मात्र सहा ते आठ आठवडे जातात आणि मुंबईही जाते.

कुठे फसतं

फॉस्टर यांनी त्यांच्या सहकाऱ्यांबरोबर २००१ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात प्रशिक्षकांनी ठरवलेले श्रम आणि धावपटूंनी प्रत्यक्षात केलेले श्रम शेजारी ठेवून पाहिले. प्रशिक्षकांनी हलके ठरवलेले दिवस धावपटूंनी ठरल्यापेक्षा जड केले होते आणि जड ठरवलेले दिवस थोडे हलके. परिणामी सगळे दिवस मधल्याच पट्टीत आले. हौशी धावपटूंच्या वहीत हे सतत दिसतं. हळू पळायच्या दिवशी सोबत मित्र असतो, पेस वाढतो आणि श्रमांक ५ येतो. मग गुरुवारी पाय जड असतात आणि टेम्पो घसरतो. निरोपात हलक्या दिवसांचा श्रमांक लिहिला नाही, तर प्रशिक्षक टेम्पोतच दोष शोधत बसतात.

दुसरा दोष वहीकडे पाहिल्यावरच ओळखू येतो. सातही दिवस एकाच शाईत आणि एकाच हस्ताक्षरात लिहिलेले असतात आणि हळू पळण्याचा श्रमांक महिनाभर ३ च असतो. अशी वही रविवारी एका बैठकीत भरलेली असते. खऱ्या वहीत पावसाळ्यातल्या दमट दिवशी, जेवण उशिरा झालेल्या रात्रीनंतर, पाळीच्या दिवसांत आकडे थोडे वर-खाली होतात. ते होत नसतील तर भाराची बेरीज करण्यात अर्थ नाही.

तिसरा दोष सर्वांत सामान्य आहे, दुखणं लपवणं. धावपटूला वाटतं की सांगितलं तर लाँग रन काढून घेतला जाईल. त्यामुळे दुखणं पहिल्यांदा कळवलं जातं ते लंगडायला लागल्यावर. नियम असा ठेवावा की वहीत दुखण्याचा आकडा शून्यापेक्षा मोठा असेल, तर तो निरोपात गेलाच पाहिजे. पळताना पाऊल टाकण्याची ढब बदलावी लागली असेल, तर आकडा कितीही असो, त्या दिवशी तिथेच थांबायचं आणि त्याच दिवशी कळवायचं.

भाराच्या आकड्यालाही मर्यादा आहेत. बाईंचे १०६४ आणि मैत्रिणीचे १४०० यांची तुलना करता येत नाही, कारण एकीचे सहा हे दुसरीचे चार असू शकतात. हा आकडा फक्त स्वतःच्या ठरलेल्या आठवड्याशी आणि स्वतःच्या मागच्या आठवड्यांशी ताडून पाहायचा. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत त्यावरून काहीच ठरवू नये, कारण हात बसेपर्यंत श्रमांक देण्यात गडबड होते. आणि काही गोष्टी साप्ताहिक निरोपाच्या नाहीतच. छातीत दुखणं, पळताना चक्कर येऊन अंधारी येणं, ठोके अनियमित वाटणं, लघवी चहाच्या रंगाची होणं, यांसाठी रविवारची वाट पाहायची नसते आणि प्रशिक्षकाचीही नाही. तेव्हा सरळ डॉक्टर गाठायचा.

ज्यांचा प्रशिक्षक दूर आहे, त्यांनी आज एक वही घ्यावी. पुढचं पळणं संपल्यावर अर्ध्या तासाने त्यात मिनिटं, सुरुवातीची वेळ, झोप, दुखणं आणि श्रमांक लिहावा. रविवारी भाराची बेरीज करावी, ठरलेल्या बेरजेशेजारी ठेवावी आणि जिथे फरक पडला तेवढंच प्रशिक्षकाला कळवावं. ‘भरून काढते’ हे शब्द मात्र ती बेरीज झाल्याशिवाय लिहू नयेत.